आधी विचार, मूल कुणाचं हरवलंय?

चि. रेवतीस,


तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा तो व्हिडिओ मिळाला. सोबतचा मजकूरही वाचला. डोंबिवली, कल्याण, टिटवाळा पट्ट्यात मुलं पळवणारी पंधरा-वीस जणांची टोळी उतरली आहे, काल रात्री दोन मुलं उचलली, पोलिसांनी सावध राहायला सांगितलंय, जास्तीत जास्त लोकांना पाठवा. व्हिडिओत धुरकट गल्ली आणि किंचाळणारी बाई, एवढंच दिसतं. तू विचारलंस, "मामा, खरं आहे का? पोरांना खाली खेळायला सोडू की नको?"

पोरांना सोड. नेहमी जितकं लक्ष ठेवतेस तितकं ठेव, त्याहून जास्त काही करू नकोस. पण आता तू ग्रुपची अॅडमिन आहेस आणि असे मेसेज दर एक-दोन वर्षांनी येतच राहणार. कल्याणच्या लोहमार्ग पोलीस ठाण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हरवलेली, पळून आलेली, चुकलेली पोरं फलाटावर रोज दिसायची. त्या अनुभवातलं जे उपयोगी पडेल ते लिहून ठेवतो. जपून ठेव.

पहिली गोष्ट. असा मेसेज आला की टोळीबद्दल काही विचारू नकोस. टोळी किती जणांची, कुठल्या राज्यातली, गाडी कुठल्या रंगाची, या चौकशांना अफवेत कायम उत्तरं असतात. तू एकच विचार: मूल कुणाचं हरवलंय? खरंच मूल पळवलं गेलं असेल तर त्याला नाव असतं, वय असतं, हंबरडा फोडणारी आई असते, आणि कुठल्या तरी पोलीस ठाण्यात दाखल झालेला गुन्हा असतो. 2017 च्या जानेवारीत ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमधून एक नवजात बाळ खरोखर पळवलं होतं. त्या बातमीत हॉस्पिटलचं नाव होतं, आई वॉर्डात होती, बाळ घेऊन जाणारी बाई सीसीटीव्हीत दिसली होती, आणि बाळ सापडलं ते इकडे कल्याणजवळच्या पिसवलीत. खरी घटना अशी तपासता येते. तुझ्या मेसेजात दोन मुलं उचलल्याचं म्हटलंय, पण ती कुठल्या शाळेतली, कुठल्या चाळीतली, याचा पत्ता नाही. टोळीचं सविस्तर वर्णन आणि मुलाबद्दल एक अक्षर नाही, असं दिसलं की मेसेज खोटा असण्याची शक्यता फार मोठी, एवढं धरून चाल.

हा प्रश्न वेळेवर न विचारल्याने काय होतं ते राईनपाड्याने दाखवलं. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातला हा आदिवासी पाडा. 1 जुलै 2018, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला तिथे गेले होते. पिढ्यानपिढ्या गावोगाव फिरणारा समाज तो. त्या भागात मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज आणि व्हिडिओ आधीच काही दिवस मोबाइलमधून फिरत होते. बाजारात त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला म्हणे, आणि तेवढ्यावर गर्दी त्यांच्या अंगावर गेली. मारत मारत त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं. तिथेही मारहाण थांबली नाही. पाचही जण गेले. मारहाणीचे व्हिडिओही काढले गेले. राईनपाड्यात त्या दिवशी एकही मूल पळवलं गेलं नव्हतं. त्याच रात्री मालेगावात असाच जमाव एका कुटुंबावर चालून गेला. त्यांच्यासोबत तर लहान मूल होतं. तिथे पोलीस वेळेवर पोचले म्हणून ती माणसं वाचली. राईनपाड्याच्या खटल्यात 2024 च्या फेब्रुवारीत धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. बाजाराला गेलेली साधी माणसं होती ती. घरातून निघताना कुणी खून करायचा म्हणून निघालं नव्हतं.

नंतर 2022 च्या सप्टेंबरात सांगलीतल्या जत तालुक्यात लवंगा गावी तेच घडायचं राहिलं. उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरहून पंढरपूरला निघाले होते. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. मुलं पळवणारे समजून लोकांनी त्यांना दांडक्यांनी आणि पट्ट्यांनी मारलं. ते वाचले. दोन्ही ठिकाणी ठिणगी एकच होती, अनोळखी माणूस मुलाशी बोलला. रस्ता विचारायला माणूस समोर दिसेल त्यालाच विचारतो, आणि गावात दुपारी रस्त्यावर दिसतात ती मुलंच. तुमच्याकडेही तसंच आहे. सोसायटीच्या गेटवर येणारी बोहारीण, भंगारवाला, कुरियरवाला मुलगा, स्टेशनच्या पुलाखाली बसणारा वेडसर माणूस, सकाळी दारावर येणारा वासुदेव. अफवा आली की पहिली नजर यांच्याकडेच वळते.

आता व्हिडिओकडे वळू. 2018 मध्ये देशभर सगळ्यात जास्त फिरला तो व्हिडिओ तुला समजून घ्यायलाच हवा, कारण त्याचीच भावंडं अजून येतात. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत. मोटरसायकलवर दोघे येतात. मागे बसलेला एका पोराला उचलतो आणि गाडी निघून जाते. वरून सीसीटीव्हीने टिपल्यासारखं दिसतं. व्हिडिओ तिथेच संपतो. मूळ व्हिडिओ मात्र तिथे संपत नव्हता. तो कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने जनजागृतीसाठी बनवला होता. पुढच्या काही सेकंदांत तीच मोटरसायकल परत येते, पोराला खाली उतरवते आणि मागचा माणूस एक फलक उघडून कॅमेऱ्यासमोर धरतो. कराचीच्या रस्त्यांवरून मूल उचलायला एक क्षण पुरतो, असा त्यावरचा मजकूर. कुणीतरी तो शेवट कापला आणि लहान मुलांची काळजी घ्या असं सांगणारी फिल्म माणसं मारायला कारण ठरली.

म्हणून व्हिडिओ पाहताना शेवट बघायला शिक. ऐन प्रसंगात चित्र तुटत असेल तर पुढे काय होतं हे लपवलंय असं समज. तीच गोष्ट सुरुवातीची. मारहाण सुरू झाल्यावरच चित्रीकरण सुरू होतं, आधी काय घडलं ते नसतं. असा व्हिडिओ फक्त एवढंच सांगतो की कुठेतरी, कधीतरी, कुणालातरी मारलं. तो माणूस मुलं पळवणारा होता हे खाली लिहिणारा सांगतो, व्हिडिओ नाही.

दुसरं, धुरकटपणा. लोकांना वाटतं की घाईघाईत, लपून काढलाय म्हणून अस्पष्ट, आणि म्हणूनच खरा. तसं नाही. मोबाइलमधून व्हिडिओ पाठवताना तो दाबून लहान केला जातो. कुणी तो डाउनलोड करून पुन्हा चढवतो, कुणी स्क्रीनवरून रेकॉर्ड करतो, आणि दर खेपेला चित्र थोडं विरतं. म्हणजे व्हिडिओ जितका धुरकट तितका तो बहुतेक जुना आणि लांबून आलेला. कालच्या रात्री तुमच्या शेजारच्या वॉर्डात काढलेला व्हिडिओ एवढा विरलेला असायचं कारण नाही. धुरकटपणामुळे आणखी एक होतं, ज्यावरून ठिकाण ओळखता येईल त्याच गोष्टी पुसल्या जातात: दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, चेहरे.

तरी काही राहतंच. आवाज बंद करून एकदा बघ आणि चित्र न बघता एकदा ऐक. बघताना रिक्षा कुठल्या रंगाच्या आहेत ते पाहा. आपल्याकडची रिक्षा काळी-पिवळी. नंबरपाटीची पहिली अक्षरं जरी कळली तरी पुष्कळ. ठाण्याच्या गाड्या MH 04, कल्याण-डोंबिवलीच्या MH 05. पाटीवरची लिपी कुठली, शाळेचा गणवेश कसला, गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालल्यात, ते बघ. ऐकताना भाषा धर. दंगलीच्या आवाजातही 'सोडा, सोडा' आणि 'छोड़ दो' यातला फरक कानाला कळतो. पण नुसत्या आवाजावर निकाल देऊ नकोस, कारण एका व्हिडिओचा आवाज दुसऱ्यावर बसवणं पोरासोरांनाही जमतं. ओठांची हालचाल आणि आवाज जुळतो का ते पाहा.

मग शोध. व्हिडिओ थांबव आणि त्यातल्या त्यात स्वच्छ चौकटीचा स्क्रीनशॉट घे. कडेची व्हॉट्सअॅपची पट्टी कापून टाक, नाहीतर शोध तिच्यावरच अडकतो. तो फोटो गूगल लेन्समध्ये टाक. एका चौकटीवर थांबू नकोस. गल्ली सगळी दिसेल अशी एक, गाडी किंवा माणसं जवळून दिसतील अशी एक, असं दोन-तीनदा कर. जे निकाल येतील त्यात सगळ्यात जुनी तारीख शोध. तोच व्हिडिओ तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्याच्या नावाने फिरलेला दिसला की काम झालं. मजकुराचंही तेच. मेसेजातलं एक वाक्य गावाचं नाव वगळून शोध. डोंबिवलीच्या जागी बदलापूर, दिवा, भिवंडी असं घालून अक्षरशः तोच मजकूर सापडतो. टोळी एकाच रात्री चार शहरांत दोन-दोन मुलं उचलत असेल का, याचा विचार तूच कर.

पण या शोधाची मर्यादाही कळू दे. काहीच सापडलं नाही याचा अर्थ व्हिडिओ खरा असा होत नाही. फार विरलेलं चित्र गूगललाही ओळखता येत नाही. मेसेजवरच्या बाणांचंही असंच. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच जुलैत व्हॉट्सअॅपने फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर बाणाची खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना पाठवायची मर्यादा घातली. जो मेसेज पुष्कळ हातांतून आलाय त्यावर दोन बाण दिसतात आणि 2020 पासून तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. दोन बाण दिसले तर तो मेसेज पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही असं धर. पण बाण नसले म्हणून भरवसा ठेवू नकोस. तोच व्हिडिओ फोनमध्ये उतरवून नव्याने टाकला की खूण जाते.

किडन्या काढतात, हा भाग मेसेजात असला तर शोधायचीही गरज नाही. काढलेली किडनी थंड करून काही तासांतच दुसऱ्याला बसवावी लागते. त्याआधी रक्तगट आणि पेशी जुळतात का ते तपासावं लागतं. ऑपरेशन थिएटर, सर्जन, भूलतज्ज्ञ, आणि तयार बसलेला रुग्ण, हे सगळं एकाच वेळी लागतं. किडनीचे गैरव्यवहार या देशात झालेत, पण ते हॉस्पिटलांत, खोट्या कागदपत्रांवर, पैशाची लालूच दाखवून झाले. गल्लीतून मूल उचलून व्हॅनमध्ये किडनी काढता येत नाही.

हे सगळं करूनही शंका उरली तर फोन कर. डोंबिवली पूर्वेला रामनगर, टिळकनगर आणि मानपाडा, पश्चिमेला विष्णुनगर. ज्या हद्दीचं नाव मेसेजात आहे त्या ठाण्याला लाव. "टोळी आलीय का हो" असं विचारू नकोस, ठाणे अंमलदार वैतागतो. नेमकं विचार: आपल्या हद्दीत गेल्या दोन दिवसांत लहान मूल बेपत्ता झाल्याचा गुन्हा दाखल आहे का? याचं हो किंवा नाही उत्तर मिळतं. आलेल्या मूळ मेसेजचा, पाठवणाऱ्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट जपून ठेव. तो कुणाकडून आला ते पोलिसांनी मागितलं तर दाखवता आलं पाहिजे.

इथे एक मेख सांगतो. पेपरात कधी छापून येतं की ठाणे जिल्ह्यात वर्षभरात इतक्या शे मुलांचं अपहरण. आकडा खरा असतो, पण त्याचा अर्थ वेगळा असतो. 2013 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल बेपत्ता झालं की नुसती नोंद करून थांबायचं नाही, गुन्हाच दाखल करायचा आणि अपहरण झालंय असं गृहीत धरून तपास करायचा. निर्णय फार चांगला. त्याने पोरं शोधायला वेग आला. पण त्यामुळे परीक्षेत नापास झाला म्हणून घर सोडलेला, सतरा वर्षांची असताना मुलाबरोबर निघून गेलेली, बापाच्या माराला कंटाळून कसारा लोकलमध्ये बसलेला, हे सगळे कागदावर अपहरणातच येतात. फलाटावर मला भेटलेली बहुतेक पोरं अशीच होती. अफवेचा मेसेज लिहिणारा हा आकडा उचलतो आणि टोळीच्या गळ्यात घालतो.

ग्रुपवर काय करायचं? ज्याने मेसेज टाकला त्याला चारचौघांत झापू नकोस. तो बहुधा घाबरलेला बाप असतो, नाहीतर आजी असते. हट्टाला पेटला तर खाजगीत आणखी चार ग्रुपना पाठवेल. अॅडमिन म्हणून तुला तो मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, स्क्रीनशॉट घेतला की तो पूस, आणि लगेच तुझं लिहून टाक. कोरं पुसलंस तर लोक म्हणतील काहीतरी दडवलंय. साधं लिही: "मघाचा व्हिडिओ काढला आहे. तो जुना असून दुसऱ्या ठिकाणचा आहे. रामनगर पोलीस ठाण्यात फोन करून विचारलं, मूल पळवल्याचा असा गुन्हा नाही. कुणाकडे हरवलेल्या मुलाचं नाव-गाव असेल तर मला फोन करा. अनोळखी माणसाबद्दल संशय आला तर 112." व्हिडिओ जुना असल्याचं सापडलं असेल आणि फोन खरंच केला असेल तरच तसं लिही. आणि खोटेपणा दाखवायला म्हणूनसुद्धा तो व्हिडिओ पुन्हा टाकू नकोस. लोक व्हिडिओ बघतात, खालची ओळ वाचत नाहीत. "खात्री नाही, पण काळजी घेतलेली बरी" असं लिहून पुढे ढकलणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांग. अफवा पसरवून लोकांना घाबरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 353 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि नुसतं पुढे पाठवणाराही त्यातून सुटत नाही.

समजा, गोष्ट फोनमधून खाली गेटवर आली. कुणाला तरी धरलंय, गर्दी जमतेय. त्या वेळी आधी 112 ला फोन आणि पत्ता नेमका: इमारतीचं नाव, गेट, जवळची खूण. मग वॉचमनला सांगून त्या माणसाला आत घे आणि बंद होणाऱ्या दाराआड ठेव, कडी आतून लागेल अशा खोलीत. दोन शांत डोक्याची माणसं आत बसव. राईनपाड्यात खोली होती, पण गर्दी आत होती. बाहेर कुणीतरी मोठ्याने विचारलं पाहिजे, "मूल कुणाचं? आई कुठाय? पुढे या." बहुतेक वेळा कुणीच पुढे येत नाही आणि मागच्या रांगेतली माणसं तिथेच थोडी गार होतात. मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांना सांग की पोलीस येतायत आणि व्हिडिओत तुम्हीही दिसताय. पुढे येऊन हात घालायला तू एकटी जाऊ नकोस. तुझं काम फोन, दार आणि हा प्रश्न.

आणि देव न करो, पण खरंच कुणाचं मूल दिसेनासं झालं तर ग्रुपवर टाकण्याआधी पोलीस ठाणं गाठायला सांग. चोवीस तास थांबा असं कुणी म्हटलं तर ऐकायचं नाही, तसा नियम नाही. ताजा फोटो, अंगावरचे कपडे, शेवटचं कुठे आणि किती वाजता दिसलं, एवढं हाताशी ठेवा. 1098 ही मुलांची हेल्पलाइन, 139 रेल्वेची. स्टेशन जवळ असेल तर 139 विसरू नका. कल्याणला कर्जतची आणि कसाऱ्याची लाइन फुटते. एकदा गाडी चुकीच्या फाट्याला लागली की शोध दुप्पट होतो. सोसायट्यांनी आपापल्या सीसीटीव्हीचं चित्रण लगेच जपून ठेवावं, कारण काही दिवसांत जुन्यावर नवं रेकॉर्ड होतं. ग्रुपवर मग फोटो जरूर टाका, पण त्यावर तारीख, पोलीस ठाण्याचं नाव आणि संपर्क क्रमांक घाला, आणि मूल सापडलं की तशी सूचनाही त्याच ग्रुपवर टाका. नाहीतर सापडलेल्या पोराचा फोटो पुढची पाच वर्षं हरवलेला म्हणून फिरतो.

आज रात्री शोध आणि फोन झाला की ग्रुपवर वरचा मेसेज टाक, आणि वॉचमनला आतून कडी लागणारी खोली कुठली ते दाखवून ठेव. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये ही दोन्ही कामं ठरावात घ्या.

तुझा
मामा